एक वर्षाच्या बाळासाठी चित्रपुस्तके आणि साधी खेळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर 'एक वर्षाचे बाळ' म्हणजे साधारणपणे १२ ते १८ महिन्यांचे बाळ असे धरले आहे. पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले असून, एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागल्यास तो पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एक वर्षाच्या बाळाला चित्रपुस्तक कळते का? की आम्ही घाई करत आहोत?

घाई होत नाही. मात्र 'कळणे' या शब्दाचा अर्थ या वयात वेगळा असतो. या वयाचे बाळ गोष्ट समजून घेत नाही. आधीच्या पानावर काय होते याचा पुढच्या पानाशी ते संबंध लावत नाही. त्याला उमगते ती एक छोटी घटना: समोर चित्र दिसते, जवळचे माणूस त्या चित्राकडे पाहून एक नाव उच्चारते आणि तेच नाव त्या चित्राशी पुन्हा पुन्हा जोडले जाते.

चित्र म्हणजे खरी वस्तू नव्हे, हेसुद्धा बाळाला शिकावेच लागते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नऊ महिन्यांची बाळे पुस्तकातील वस्तू उचलण्यासाठी पानावर बोटांनी ओरबाडताना दिसली, तर एकोणीस महिन्यांची मुले तसे न करता चित्राकडे बोट दाखवू लागली होती. एक वर्षाचे बाळ या दोन टप्प्यांच्या मधोमध असते. म्हणून आज ते पानावरचा चेंडू उचलायला जाते आणि काही आठवड्यांनी त्याच चेंडूवर बोट ठेवून तुमच्या तोंडाकडे पाहते. ही वाटचाल घडावी यासाठीच त्याच्यासमोर पुस्तक हवे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१४ साली तान्हेपणापासूनच मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याची शिफारस केली आहे.

२. दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर नेमके काय पाहावे?

आधी पुस्तकाची बांधणी पाहावी आणि मग चित्रे. पाने जाड पुठ्ठ्याची हवीत. या वयाच्या बाळाला एक पान सुटे करून उलटता येत नाही. ते तळहाताने किंवा चार बोटांनी पानांचा गठ्ठा ढकलते आणि एकदम दोन-तीन पाने उलटली जातात. पातळ कागद अशा ढकलण्याने चुरगळतो, जाड पुठ्ठा मात्र वळतो. पुस्तक टेबलावर उघडे ठेवून पाहावे. ते आपोआप मिटत असेल, तर बाळाला एका हाताने पान धरून दुसऱ्या हाताने चित्राला स्पर्श करता येणार नाही. साधारण तळहाताएवढे ते वितीएवढे पुस्तक दोन लहान हातांत मावते. त्याहून मोठे आणि जड पुस्तक फक्त तुमच्या मांडीवरच उघडता येईल.

त्यानंतर कोपरे नीट पाहावेत. ते गोलाकार कापलेले असावेत. कोपऱ्याच्या कडेवरून नख फिरवले असता पुठ्ठ्याचा थर सुटू लागला, तर ते पुस्तक घेऊ नये. बाळाच्या तोंडात सर्वांत आधी कोपराच जातो. लाळेने भिजलेला कोपरा आधी फुगतो, मग त्यावरचा छापील कागद पापुद्र्यासारखा उचलला जातो आणि शेवटी त्याचा तुकडा निघून तोंडात राहतो. म्हणून थर घट्ट चिकटलेला असणे ही केवळ टिकाऊपणाची बाब नाही. ओलसर बोट चित्रावर चोळल्यावर रंग बोटाला लागत असेल किंवा पुस्तकाला तीव्र रासायनिक वास येत असेल, तरीही ते परत ठेवावे.

चित्रांच्या बाबतीत एका पानावर एक वस्तू आणि मागे साधी पार्श्वभूमी असावी. ज्या पानावर बाजार, गाड्या, माणसे आणि झाडे एकत्र असतात, त्या पानावर तुम्ही 'चेंडू' म्हणालात तर बाळाला कुठे पाहायचे हेच कळत नाही. तशी गजबजलेली पुस्तके दोन वर्षांनंतर फार उपयोगी पडतात, आता नाही. मजकूर एक शब्द किंवा एक लहान वाक्य इतकाच पुरतो. पुस्तकात रोजच्या परिचयाच्या किमान निम्म्या तरी वस्तू असाव्यात, म्हणजे चित्रातला चमचा आणि हातातला चमचा यांची सांगड घालता येते.

३. छायाचित्रे चांगली की रेखाटलेली चित्रे? आणि झडपा उघडायची पुस्तके घ्यावीत का?

पहिल्या काही पुस्तकांसाठी छायाचित्रे किंवा वस्तूशी प्रामाणिक राहिलेली रंगीत चित्रे घ्यावीत. २००८ सालच्या एका अभ्यासात १५ आणि १८ महिन्यांच्या मुलांना पुस्तकातून एका अपरिचित वस्तूचे नाव शिकवून नंतर खरी वस्तू समोर ठेवण्यात आली. चित्र वस्तूशी जितके मिळतेजुळते होते, तितकी ती ओळख मुलांना अधिक सहज पटली. व्यंगचित्राच्या शैलीतील चित्रांवरून ती कमी जमली. टोपी घातलेला, दोन पायांवर चालणारा जांभळा हत्ती मोठ्यांना गोड वाटतो, परंतु ज्याने हत्ती पाहिलाच नाही त्या बाळाला त्या चित्रातून हत्ती शिकता येत नाही.

झडपा, ओढायच्या पट्ट्या आणि पान उघडताच उभी राहणारी चित्रे यांविषयी माझे मत सावध आहे. साधारण वीस महिन्यांच्या मुलांवर झालेल्या २०१० सालच्या एका अभ्यासात, हलवता येणारे भाग असलेल्या पुस्तकापेक्षा साध्या छायाचित्रांच्या पुस्तकातून मुलांनी प्राण्यांची नावे अधिक चांगली शिकली. हात झडपेत गुंतला की लक्ष नावावरून हटते. तरीही जाड पुठ्ठ्याची, बोट घालण्यासाठी खाच असलेली एखादीच मोठी झडप प्रत्येक पानावर असेल, तर तिच्यामागे लपलेली वस्तू शोधण्याचा आनंद या वयात खरा असतो. असे पुस्तक घ्यावे, पण नावे शिकवण्याचे साधन म्हणून नव्हे, तर लपाछपीचे खेळणे म्हणून. पातळ कागदाच्या पट्ट्या आणि उभी राहणारी चित्रे मात्र या वयात निभावत नाहीत. ती फाटतात आणि फाटलेला तुकडा तोंडात जातो.

४. बाळ पुस्तक चावते, उलटे धरते, आपटते. त्याच्या हातून काढून घ्यावे का?

काढून घेऊ नये. वस्तूची ओळख करून घेण्याचे तोंड हे या वयातले एक मुख्य साधन आहे, आणि पुस्तकही त्याला अपवाद नाही. घरात दोन प्रकारची व्यवस्था ठेवली की प्रश्न सुटतो. कापडाचे एखादे पुस्तक आणि मजबूत पुठ्ठ्याची दोन-तीन पुस्तके बाळाच्या हाताला लागतील अशी खाली ठेवावीत. त्यांच्यावर कोणतेही बंधन नसावे. पातळ कागदाची किंवा मोठी पुस्तके वर ठेवून ती फक्त मांडीवर बसवून दाखवावीत. चावताना बाळाला रागावल्यास ते चावणे सोडत नाही, पुस्तकापासून मात्र दूर जाते.

उलट्या पुस्तकाची काळजी करण्याचे कारण नाही. वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना चित्र सरळ आहे की उलटे याने फारसा फरक पडत नाही. दर महिन्याला कोपरे आणि शिवण मात्र तपासावी. पापुद्रा सुटलेला दिसला की तो भाग कापून घ्यावा किंवा पुस्तक बाजूला काढावे.

५. आमचे बाळ दोन पाने झाली की उठून जाते. वाचायचे तरी कसे?

दोन पाने ही या वयात अपुरी बैठक नव्हे. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे, ही अपेक्षा आधी सोडून द्यावी. बाळाने जे पान उघडले तेच वाचायचे. छापलेला मजकूर जसाच्या तसा म्हणण्याचीही गरज नाही. बाळाची नजर ज्या चित्रावर आहे त्याचे नाव घ्यावे, क्षणभर थांबावे, आणि बाळाने काही आवाज काढला किंवा हात लावला तर त्याला उत्तर द्यावे: 'हो, मांजर. मांजर झोपले आहे.' हा थांबा फार मोलाचा आहे. मोठी माणसे बहुधा एका सेकंदात पुढचे वाक्य बोलून टाकतात आणि बाळाची पाळी येतच नाही. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजले की ती येते.

'मांजर कुठे आहे?' हा प्रश्न 'हे काय आहे?' या प्रश्नाच्या आधी येतो, कारण पहिल्याचे उत्तर नजरेने किंवा बोटाने देता येते आणि दुसऱ्याला शब्द लागतो. बाळाने उत्तर दिले नाही तर तुम्हीच बोट ठेवून सांगावे. परीक्षेचा सूर येऊ देऊ नये. तेच पुस्तक रोज दहा वेळा मागितले तर रोज दहा वेळा वाचावे, कारण तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्याने शब्द पक्के होतात.

६. खेळणे निवडण्याची मुख्य कसोटी कोणती? पेटीवर लिहिलेले वय पुरेसे नाही का?

पेटीवरचे वय सुरक्षिततेसाठी पाळावेच (प्रश्न ९ पाहा), परंतु खेळणे बाळाला जुळेल की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी बाळाच्या हातांचे निरीक्षण करावे लागते. बाळ वस्तू कशी उचलते, ती स्वतःहून सोडू शकते का, आणि सोडल्यावर ती कुठे गेली हे पाहते का, या तीन गोष्टी दोन दिवस पाहिल्या की पुढची निवड सोपी होते.

याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. तेरा महिन्यांच्या एका मुलीसाठी घरच्यांनी खुंटीत ओवायच्या आठ रंगीत कड्यांचा मनोरा आणला. अपेक्षा अशी की ती मोठ्या कडीपासून लहान कडीपर्यंत क्रम लावेल. मुलीने सगळ्या कड्या भराभर काढल्या, दोन फेकल्या, एक चावली आणि निघून गेली. 'हिचे खेळण्यात लक्षच नाही,' असा घरच्यांचा समज झाला.

प्रत्यक्षात तिने तिच्या वयाला जमणारे सर्व काही केले होते. घालण्याआधी काढणे येते. वस्तू ठरलेल्या जागी हळूच सोडणे हे साधारण वर्षाच्या सुमारास जमू लागते, बारीक खुंटीच्या टोकावर भोक बरोबर धरणे त्याच्याही नंतर, आणि आकाराने क्रम लावणे तर बहुतेक मुलांना दोन वर्षे उलटल्यावर. आठ कड्यांच्या मनोऱ्यात या तिन्ही मागण्या एकदम होत्या. म्हणून पाच कड्या कपाटात ठेवल्या, तीन मोठ्या कड्या बाहेर ठेवल्या आणि क्रमाचा आग्रह सोडून दिला. शिवाय पुठ्ठ्याच्या एका खोक्याच्या झाकणाला साधारण आठ सेंटिमीटरचे गोल भोक पाडून सहा सेंटिमीटरचे चार चेंडू दिले. चेंडूपेक्षा भोक ऐसपैस असल्याने नेम चुकला तरी चेंडू आत जात होता. चेंडू दिसेनासा झाला, आतून आवाज आला, आणि झाकण काढल्यावर तो पुन्हा सापडला. मुलगी या खोक्याशी दीर्घकाळ खेळू लागली, आणि काही आठवड्यांनी त्याच सुटलेल्या हाताने खुंटीवर कडीही घालू लागली.

या वयात टिकून खेळली जाणारी खेळणी अशीच असतात: बाळाने एक कृती केली की लगेच एक परिणाम दिसावा, तो दरवेळी तसाच दिसावा, आणि चुकल्यास खेळ बिघडू नये. झाकणाचा डबा आणि त्यात टाकायच्या वस्तू, एकात एक बसणारी भांडी, चार-पाच मोठे ठोकळे, लोळणारा चेंडू, खुळखुळा आणि ढकलायची गाडी यांत हे सगळे असते. आकार ओळखून भोकात टाकायच्या डब्यांत सुरुवातीला फक्त गोल भोक उघडे ठेवावे, कारण गोल कसाही धरला तरी आत जातो. चौकोन आणि त्रिकोण वळवून बसवावे लागतात. ठोकळ्यांच्या बाबतीत बाळ आधी तुमचा मनोरा पाडेल. दोन ठोकळे एकावर एक ठेवणे पंधरा-अठरा महिन्यांच्या सुमारास येते.

७. किती खेळणी बाहेर ठेवावीत?

थोडी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या टोलेडो विद्यापीठातील एका अभ्यासात लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिले. चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक प्रकारे खेळली. ती मुले १८ ते ३० महिन्यांची होती, तेव्हा आकडा तंतोतंत उचलण्याची गरज नाही. मात्र लक्ष सहज विचलित होणाऱ्या याहून लहान बाळाला जास्त खेळण्यांची गर्दी सोसेल, असे मानण्यास आधार नाही. चार-पाच खेळणी आणि तीन-चार पुस्तके बाहेर ठेवून बाकीची कपाटात ठेवावीत, आणि बाळ एखाद्या वस्तूकडे आठवडाभर फिरकले नाही की ती बदलावी. सगळी एकदम बदलू नयेत. पुस्तके कण्याच्या बाजूने रचून ठेवल्यास बाळाला ती ओळखता येत नाहीत. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी भिंतीला टेकवून ठेवावीत.

८. गाणी म्हणणारी, दिवे लागणारी, बोलणारी खेळणी बुद्धीला चालना देतात असे पेटीवर लिहिलेले असते. घ्यावीत का?

माझा सल्ला 'घेऊ नयेत' असा आहे, आणि त्याचे कारण आवाज नसून मोठ्यांचे गप्प होणे हे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० ते १६ महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक यांच्या घरच्या खेळाचे ध्वनिमुद्रण केले. खेळणे स्वतः बोलत असताना पालकांनी सर्वांत कमी शब्द उच्चारले, साध्या खेळण्यांच्या वेळी अधिक आणि पुस्तकांच्या वेळी सर्वांत अधिक. अभ्यासातील जोड्या सव्वीसच होत्या, तरी हा परिणाम कोणत्याही घरात पडताळून पाहता येतो: असे खेळणे सुरू करून पाच मिनिटे स्वतःकडे लक्ष द्यावे.

भेट म्हणून आलेच असेल तर सेल काढून ठेवल्यावरही ते बहुधा चांगले ढकलायचे किंवा दाबायचे खेळणे ठरते. सेल तसेच ठेवणार असाल तर ते खेळणे स्वतःच्या कानाजवळ धरून पाहावे, कारण बाळ ते कानाजवळ नेतेच. तुम्हाला तो आवाज सहन झाला नाही तर आवाजाच्या जाळीवर जाड चिकटपट्टी लावावी किंवा खेळणे बाजूला ठेवावे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असल्याशिवाय ते खेळणे बाळाच्या हाती देऊ नये. आवाज करणाऱ्या पुस्तकांतही चपटे गोल सेल असतात आणि ते सर्वांत धोकादायक आहेत. असा सेल गिळला गेल्यास लाळेच्या संपर्काने विद्युतप्रवाह सुरू होतो आणि अन्ननलिका दोन तासांत गंभीरपणे भाजू शकते. नुसती शंका असली तरी बाळाला उलटी करायला न लावता थेट रुग्णालयात न्यावे.

९. घशात अडकेल इतके लहान काय, हे घरी कसे ओळखावे?

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी एक ठराविक नळी चाचणीसाठी वापरतात. तिचा व्यास सुमारे ३.२ सेंटिमीटर असतो. जी वस्तू किंवा सुटा भाग न दाबता त्या नळीत पूर्ण मावतो, तो या वयासाठी नाकारला जातो. घरी कागदी रुमालाच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी वापरावी. तिचा व्यास थोडा मोठा असतो, म्हणजे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूने होते. चेंडूंना याहून कडक नियम आहे: गोल वस्तू घशाला पूर्ण बंद करू शकते, म्हणून ४.५ सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडू देऊ नये. मी स्वतः पाच सेंटिमीटरच्या खालचा घेत नाही.

नळीची चाचणी फक्त सध्याच्या आकारासाठी असते, म्हणून पुढे काय सुटू शकेल हेही पाहावे. कापडी प्राण्याचा शिवलेला किंवा चिकटवलेला डोळा, गाडीचे चाक आणि खुळखुळ्याची शिवण बोटांनी जोर लावून ओढावी. ओढायच्या गाडीची दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब असल्यास कापून आखूड करावी, म्हणजे ती गळ्याभोवती वळणार नाही. फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा या वयाच्या मुलाच्या हाती कधीच देऊ नये. सुटू शकणारे लहान चुंबक असलेली खेळणीही घरात नसावीत. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते.

'तीन वर्षांवरील मुलांसाठी' ही सूचना हुशारीविषयी नसते. 'आमचे बाळ पुढे आहे, त्याला जमेल' असे म्हणून ती ओलांडली जाते, पण हुशार बाळाचा घसाही तेवढाच अरुंद असतो.

१०. घरातल्या वस्तूंनीच खेळवले तर चालेल का?

उत्तम चालते, आणि विकत आणलेल्या पुष्कळ खेळण्यांपेक्षा चांगले. स्टीलची वाटी आणि लाकडी चमचा, झाकणासह प्लास्टिकचा डबा, मोठा रुमाल आणि त्याखाली लपवलेली एखादी वस्तू एवढ्यात प्रश्न ६ मधल्या सगळ्या कृती होतात. प्रश्न ९ मधली नळी इथेही लावावी आणि धातूच्या डब्याच्या कडेवरून आपले बोट फिरवून पाहावे. ज्या भांड्यात किंवा बाटलीत औषध, साबण किंवा रसायन होते ती धुऊनही देऊ नये: बाळ त्या आकाराची बाटली खेळण्याची म्हणून ओळखू लागते आणि पुढे भरलेली बाटलीही तोंडाला लावते.

घरी करता येणारे पुस्तकही आहे. घरातल्या माणसांची आणि बाळाच्या वापरातल्या वस्तूंची सहा-आठ छायाचित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून वरून पारदर्शक पट्टी कडेपर्यंत लावावी आणि भोके पाडून रुंद कापडी पट्टीने घट्ट बांधावे. बाळाची स्वतःची वाटी, स्वतःचे बूट आणि आजीचा चेहरा ज्यात आहे अशा पुस्तकाला विकतचे पुस्तक क्वचितच मागे टाकते.

११. चालायला शिकण्यासाठी चाकांचा वॉकर घ्यावा की पांगुळगाडा?

ज्यात बाळाला बसवतात तो चाकांचा वॉकर घेऊ नये. त्याने चालणे लवकर येत नाही, आणि बाळ क्षणात जिन्यापर्यंत किंवा गरम वस्तूपर्यंत पोचते. कॅनडाने २००४ सालापासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. मागे उभे राहून ढकलायचा पांगुळगाडा ही वेगळी वस्तू आहे. बाळ आधाराने स्वतः उभे राहून पावले टाकू लागल्यावर तो द्यावा. त्याचा तळ रुंद आणि जड असावा, आणि दांडीवर भार टाकला असता तो मागे उलटता कामा नये. सुरुवातीला गाडा पुढे पळत असेल तर आत वजन ठेवावे किंवा तो सतरंजीवर चालवावा.

१२. मोठ्या भावंडाची खेळणी आणि जुनी पुस्तके वापरता येतील का?

पुस्तके बहुधा वापरता येतात. कोपरे आणि बांधणी प्रश्न २ प्रमाणे तपासावी. जुन्या रंगवलेल्या लाकडी खेळण्यांबाबत मात्र कठोर असावे. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मूळ माहीत नसलेले, रंगाचे पोपडे निघणारे खेळणे कितीही आठवणीतले असले तरी ते शोभेसाठी उंच ठेवावे.

एकाच घरात दोन वयांची मुले असताना लहान तुकड्यांचा खेळ जमिनीवर नव्हे, तर टेबलावर मांडायचा, असा नियम मोठ्या मुलाला लावावा. 'बाळाला देऊ नकोस' या सूचनेपेक्षा जागेचा नियम त्याला सहज पाळता येतो. पिळल्यावर आवाज करणाऱ्या, भोक असलेल्या रबरी खेळण्यांत आत पाणी साचून बुरशी धरते; ती धुऊन निघत नाही, म्हणून ती पुढच्या मुलाला देऊ नयेत. पुठ्ठ्याची पुस्तके घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसून, पंख्यासारखी उघडी ठेवून वाळवावीत.

१३. पुस्तक मोबाइलवर किंवा टॅबवर दाखवले तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची शिफारस नाही, आणि बसलेल्या वेळेत वाचन व गोष्टी सांगण्याला प्रोत्साहन दिले आहे. शिवाय पडद्यावर प्रत्येक चित्र एकाच गुळगुळीत काचेखाली असते. पान ढकलणे, उचलणे, मिटणे हे या वयाच्या हाताचे काम त्यात उरत नाही. दूर राहणाऱ्या आजीआजोबांशी दृश्य संभाषण करताना त्यांनी पुस्तक दाखवले तर तो अपवाद समजावा, कारण तिथे समोरचे माणूस बाळाला उत्तर देत असते.

१४. बाळ मुदतीआधी जन्मले आहे. वय कसे धरावे?

सुधारित वय धरावे. जन्मल्यापासूनच्या महिन्यांतून, बाळ जितके आधी जन्मले तितका काळ वजा करावा. दोन महिने आधी जन्मलेले चौदा महिन्यांचे बाळ खेळणी निवडताना बारा महिन्यांचे समजावे. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब वापरला जातो. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कोणतीही सूट घेऊ नये. सुधारित वयाने लहान असलेले बाळ वस्तू तोंडात घालण्याची सवयही उशिरापर्यंत ठेवते.

१५. बाळ प्रत्येक वस्तू फक्त फेकते किंवा एकच चाक फिरवत बसते. हे काळजीचे आहे का?

फेकणे हे बहुतेक वेळा सोडण्याच्या कौशल्याचा सराव असते. सोडलेली वस्तू कुठे पडली हे बाळ पाहत असेल आणि नंतर तुमच्याकडे पाहत असेल, तर त्याला फेकण्यासाठी मऊ वस्तू आणि एक टोपली द्यावी; काही आठवड्यांत फेकणे 'टाकण्या'त बदलते. चाक फिरवणेही एकटे काळजीचे लक्षण नाही. बाकीची खेळणी खेळवत असताना बाळ त्यात सामील होते का, हे पाहावे.

लक्ष द्यावे ते खेळण्याच्या प्रकारापेक्षा देवाणघेवाणीकडे. बारा महिन्यांनंतर नाव पुकारल्यावर बाळ वारंवार वळत नसेल, पंधराव्या महिन्यापर्यंत हवी असलेली वस्तू हाताने वा बोटाने दाखवत नसेल, दीड वर्षापर्यंत पुस्तकातले आवडलेले चित्र तुम्हाला दाखवण्यासाठी त्याकडे बोट करत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द अथवा खाणाखुणा नाहीशा झाल्या असतील, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावे आणि त्यासोबत कानांची तपासणीही करून घ्यावी. नाव पुकारल्यावर न वळण्यामागे ऐकू न येणे हे साधे कारण असू शकते. भेटीला जाताना घरी खेळताना आणि पुस्तक पाहताना घेतलेली दोन-तीन मिनिटांची चित्रफीत सोबत न्यावी, कारण परक्या खोलीत बाळ घरच्यासारखे वागेलच असे नाही.